‘दुर्मिळातील दुर्मिळ’: कसोटीचा विसरलेला अर्धा भाग

आजचा विषय फाशीच्या शिक्षेचा आहे. फाशी असावी की नसावी, या वादात मात्र मी आज जाणार नाही. तो वाद आपण चहाच्या टपरीवरही करतो आणि संसदेतही करतो. आज मला एवढंच सांगायचं आहे की, कायद्यात फाशी आहे असं धरून चालल्यावर ती द्यायची की नाही हे न्यायाधीश कसं ठरवतात, आणि ठरवताना कुठे चुकतात.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. वकिलीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी एका ज्येष्ठ वकिलांचा सहायक होतो. खुनाचा खटला होता, आरोपी बावीस वर्षांचा. न्यायाधीशांनी दुपारी बाराच्या सुमारास त्याला दोषी ठरवलं आणि म्हणाले, ‘शिक्षेवर जे म्हणायचं ते जेवणाच्या सुट्टीनंतर ऐकतो.’ ज्येष्ठांना दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. ते मला म्हणाले, ‘तू बोल.’ मी बोललो. आरोपी तरुण आहे, गरीब आहे, हा पहिलाच गुन्हा आहे, घरी म्हातारी आई आहे. चार वाक्यं. सरकारी वकिलांनी शवविच्छेदनाच्या अहवालातल्या जखमा एकेक करून वाचल्या. पंचवीस मिनिटांत सगळं आटोपलं आणि संध्याकाळी फाशीची शिक्षा जाहीर झाली.

पुढे उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पण आईला मी नीट भेटलो तो फाशी झाल्यावर. तेव्हा कळलं की, नऊ वर्षांचा असताना मुलगा वीटभट्टीवर ट्रॅक्टरवरून पडला होता, सहा दिवस बेशुद्ध होता आणि त्यानंतर त्याला झटके यायचे. सरकारी दवाखान्याचा कागद घरातल्या पत्र्याच्या पेटीत होता. चार वाक्यांत तो कागद नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं.

हे का सांगितलं ते पुढे लक्षात येईल.

आधी थोडा इतिहास, कारण कायदा इथे अक्षरशः उलटा फिरला आहे. इंग्रजांच्या काळातल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हा नियम होता, आणि फाशी न देता जन्मठेप दिली तर न्यायाधीशाला त्याची कारणं लिहावी लागत. 1955 च्या दुरुस्तीने ही अट काढली. मग 1973 ची नवी संहिता आली आणि कलम 354(3) मध्ये नियम पूर्ण पालटला. आता जन्मठेप हा नियम झाला आणि फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणं’ लिहिणं भाग पडलं. त्याच संहितेने कलम 235(2) मध्ये आणखी एक गोष्ट आणली. आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षेवर त्याचं वेगळं ऐकून घ्यायचं. जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात हीच कलमं 393(3) आणि 258(2) या आकड्यांनी बसली आहेत. आकडे बदलले, तत्त्व तेच आहे.

आता ‘विशेष कारणं’ म्हणजे काय? याचं उत्तर 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने बचनसिंग खटल्यात दिलं. हा बचनसिंग पत्नीच्या खुनासाठी शिक्षा भोगून बाहेर आला होता आणि नंतर त्याने तिघांचे खून केले होते. चार न्यायाधीशांनी फाशीची शिक्षा घटनेत बसते असं म्हटलं. न्यायमूर्ती भगवती यांनी विरोधी मत दिलं. चौघांनी शिक्षा वैध ठरवली, पण तिच्यावर कुलूप घातलं. ते कुलूप म्हणजे ‘रेअरेस्ट ऑफ रेअर’, दुर्मिळातील दुर्मिळ.

हे दोन-तीन शब्द आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. पण ते वाक्य तिथे संपत नाही. न्यायालयाचं म्हणणं असं होतं की, फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणात द्यावी, जिथे दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झालेला आहे. दुसरा पर्याय म्हणजे जन्मठेप. म्हणजे कसोटीला दोन अर्धे आहेत. पहिला गुन्ह्याबद्दल: हा गुन्हा खुनांमध्येही अपवादात्मक आहे का? दुसरा माणसाबद्दल: या माणसासाठी जन्मठेप अजिबातच पुरणार नाही, असं ठामपणे म्हणता येतं का? दोन्हींना ‘हो’ आलं तरच कुलूप उघडतं.

टीव्हीवर चर्चा ऐकताना पाहा, सगळे पहिल्याच अर्ध्यावर बोलतात. ‘याहून क्रूर काय असणार?’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. फक्त तो अर्धा प्रश्न आहे.

दुसऱ्या अर्ध्यासाठी काय बघायचं, तेही त्या निकालात आहे. ज्येष्ठ वकील डॉ. चितळे यांनी न्यायालयाला एक यादी सुचवली होती आणि न्यायालयाने त्या बाबी निःसंशय विचारात घेण्यासारख्या आहेत असं म्हटलं. आरोपीचं वय, तो कमालीच्या मानसिक ताणाखाली होता का, दुसऱ्याच्या दबावाखाली वागला का, मनाने आजारी होता का, तो पुन्हा हिंसा करण्याची शक्यता किती, आणि तो सुधारण्याची शक्यता किती. शेवटच्या दोन बाबींबद्दल एक ओळ आहे, ती मी विद्यार्थ्यांना नेहमी अधोरेखित करायला सांगतो: तो सुधारणार नाही, समाजाला धोकाच राहील, हे सरकारने पुराव्याने सिद्ध करायचं आहे. आरोपीने ‘मी सुधारेन’ हे सिद्ध करायचं नाही. ओझं सरकारच्या खांद्यावर आहे.

मग हा अर्धा भाग हरवला कुठे? 1983 मध्ये मच्छीसिंग खटला आला. कौटुंबिक वैरातून पंजाबात एकाच रात्रीत पाच ठिकाणी मिळून सतरा माणसं मारली गेली होती. तीन न्यायाधीशांच्या पीठाने गुन्ह्याचे पाच प्रकार सांगितले: खून कसा केला, कशासाठी केला, समाजावर त्याचा परिणाम काय, किती मोठा केला आणि बळी कोण होता. जोडीला ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी हादरली’ हा विचार आला. मच्छीसिंगच्या निकालातही गुन्हेगाराच्या बाजूच्या गोष्टींना पूर्ण वजन द्या, ताळेबंद मांडा, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण वकील आणि न्यायाधीश शेवटी माणसंच. पाच प्रकारांची यादी हाताशी आली की खूण करत जाणं सोपं असतं. ताळेबंदाची दुसरी बाजू भरायची तर कष्ट पडतात, माणसाच्या घरी जावं लागतं. 1995 मध्ये राजस्थानच्या रावजी खटल्यात दोन न्यायाधीशांच्या पीठाने तर सांगितलं की, शिक्षा ठरवताना गुन्ह्याचं स्वरूप महत्त्वाचं, गुन्हेगाराचं नाही. पाच न्यायाधीशांनी जे बांधलं होतं ते दोघांनी, बहुधा नकळत, अर्ध्यावर आणलं.

याची किंमत किती, हे नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्यात दिसतं. त्यातल्या कुणाचं नाव मी घेणार नाही. जे सुटले त्यांना आता नावाने ओळखलं जाऊ नये, एवढंच. 5 जून 2003 च्या रात्री शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. एकाच कुटुंबातल्या पाच जणांचा खून झाला, दोघींवर बलात्कार झाला, त्यातली एक पंधरा वर्षांची मुलगी होती. गुन्ह्याबद्दल दुमत असूच शकत नाही. भटक्या जमातीतल्या सहा जणांना अटक झाली. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप दिली. 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या तिघांनाही फाशी दिली. पुन्हा सहाच्या सहा. त्या निकालात रावजीचा आधार होता. गुन्हा बघितला, माणसं बघितली नाहीत.

योगायोग बघा. बरोबर 13 दिवसांनी, 13 मे 2009 ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल बचनसिंगच्या विरुद्ध आहे, म्हणून तो मार्गदर्शक धरता येणार नाही. गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही बघितलेच पाहिजेत. बरियार खटल्यातही खंडणीसाठी अपहरण, खून आणि प्रेताचे तुकडे, असं सगळं होतं. तिथे फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. महिनाभर आधी किंवा नंतर, या पीठापुढे किंवा त्या पीठापुढे, एवढ्यावर जीव अवलंबून होता.

नाशिकच्या सहा जणांचं पुढे काय झालं? त्यांच्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे 2012 मध्ये निष्पन्न झालं. म्हणजे ज्याला कायद्याने फाशी देताच येत नाही, अशा मुलाला तीन न्यायालयांमधून जावं लागलं आणि त्याचा जन्मदाखला कुणी नीट पाहिला नाही. मग सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा ऐकलं. 5 मार्च 2019 ला तीन न्यायाधीशांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. बचावलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंतून चार वेगळीच माणसं ओळखली होती. त्यांच्या मागे तपास गेलाच नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली आणि त्या चौघांबाबत पुढचा तपास करायला सांगितला. तोवर सोळा वर्षं गेली होती.

तुम्ही म्हणाल, ही तर दोषसिद्धीतली चूक आहे, शिक्षेचा काय संबंध? संबंध आहे. या सहा जणांची बाजू कुणी शोधायला गेलं असतं तर वयाचा दाखला पहिल्याच फेरीत हाती आला असता. आरोपी माणूस म्हणून दिसायला लागला की फाईलही वेगळ्या नजरेने वाचली जाते. हे माझं मत आहे, कायद्याचं तत्त्व नाही.

आता माझ्या गावाकडे येतो. मी इंदूरचा. 2011 च्या जूनमध्ये आमच्या शहरात चोरीच्या उद्देशाने एका घरात शिरून तीन पिढ्यांच्या तीन स्त्रियांचा खून झाला. आरोपी तिघं, त्यात एक तरुणी. घर मराठी होतं, त्यामुळे आमच्या मंडळात, लग्नकार्यात, कित्येक महिने दुसरा विषय नव्हता. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर मीही फाशीच म्हटलं असतं. सत्र न्यायालयाने तिघांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयात प्रकरण मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या नावाने चाललं. तिथे न्यायालयाने एक वेगळी गोष्ट केली. दोषसिद्धी कायम ठेवली, पण शिक्षेआधी तिघांबद्दलची माहिती मागवली: परिविक्षा अधिकाऱ्यांचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचा अहवाल, तुरुंगातल्या वागणुकीचा अहवाल आणि मानसशास्त्रीय तपासणी. ते सगळं वाचून 20 मे 2022 ला फाशी रद्द केली आणि जन्मठेप दिली, पण किमान 25 वर्षं सुटका नाही या अटीवर.

ही 25 वर्षांची अट नीट समजून घेऊ या, कारण ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा समज अनेकांना फाशीकडे ढकलतो. न्यायाधीशांनाही. फाशीचा पर्याय असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली तर सरकार चौदा वर्षांआधी सोडू शकत नाही, एवढाच त्या चौदा आकड्याचा अर्थ. जन्मठेप मुळात उरलेल्या आयुष्याची असते. तरीही चौदा वर्षं फार थोडी आणि फाशी फार जास्त, अशी अडचण होतीच. 2008 च्या स्वामी श्रद्धानंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत, शिक्षेत माफी न मिळता तुरुंग. 2015 मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला, मात्र खुनासारख्या खटल्यात अशी शिक्षा फक्त उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकेल असं सांगितलं. याचा परिणाम लक्षात घ्या. ‘दुसरा पर्याय बंद आहे का?’ हा प्रश्न विचारताना तो पर्याय आता चौदा वर्षांचा राहिलेला नाही. पंचवीस-तीस वर्षांचा तुरुंगवासही पुरणार नाही, असं सिद्ध करणं सरकारला खूपच अवघड आहे. आणि तसंच असायला हवं.

मनोजच्या निकालाने खालच्या न्यायालयांसाठी पद्धतही घालून दिली. सरकारने आरोपीची मानसिक तपासणी, शक्यतो सुरुवातीच्याच काळात केलेली, सत्र न्यायालयापुढे ठेवायची. वय, बालपणीचं घर, आजचं घर, शिक्षण, कमाई, आधीचे गुन्हे, आजार, ही माहिती ठरावीक वेळेत द्यायची. तुरुंगातली वागणूक, तिथे केलेलं काम, शिक्षण यांचा अहवाल मागवायचा. आणि आरोपीला या सगळ्याला उत्तर द्यायची, स्वतःचा पुरावा आणायची संधी द्यायची. सुरुवातीलाच मानसिक तपासणी का? कारण दहा वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञ भेटतो तो दहा वर्षं तुरुंगात राहिलेल्या माणसाला. गुन्हा केला तेव्हाचं मन त्याला दिसत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? मी पाहिलेले काही तुरुंग-अहवाल एका ओळीचे आहेत: ‘वर्तन समाधानकारक.’ काही मानसिक तपासण्या अर्ध्या तासाच्या, दुभाष्याशिवाय, पोलिसाच्या उपस्थितीत झालेल्या. कागद पूर्ण, माणूस गायब. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे. निकालात लिहिलेलं असतं: आरोपी सुधारण्याच्या पलीकडे आहे. का? कारण गुन्हा अमानुष आहे. म्हणजे क्रूरपणा एकदा पहिल्या अर्ध्यात मोजला आणि तोच पुन्हा दुसऱ्या अर्ध्यात पुरावा म्हणून वापरला. एकच पैसा दोनदा मोजून हिशेब जुळवल्यासारखं झालं. पुढच्या वेळी फाशीची बातमी आली आणि निकाल हाती लागला, तर एवढंच शोधा: ‘सुधारणार नाही’ या वाक्याखाली गुन्ह्याव्यतिरिक्त दुसरा कुठला पुरावा दिलेला आहे? नसेल तर दुसरा अर्धा झालेलाच नाही.

इथे बळी गेलेल्यांच्या घराचा प्रश्न येतो आणि तो टाळणं बरं नाही. इंदूरच्या त्या घरातल्या कुणाला मी हे समजावून सांगू शकेन असं मला वाटत नाही, आणि सांगायचा अधिकारही मला नाही. त्यांच्या दुःखाला या कसोटीचं उत्तर नाही. कसोटी न्यायाधीशासाठी आहे. सुधारण्याची शक्यता बघणं म्हणजे क्षमा नव्हे. त्या तिघांपैकी कुणी निर्दोष ठरलं नाही.

शिक्षेवरच्या सुनावणीला किती वेळ दिला तर तो खरा वेळ, दोषी ठरवलेल्या दिवशीच शिक्षा द्यावी का, हा प्रश्न सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. आणि ऑगस्ट 2025 मध्ये नागपूरच्या एका खटल्यात न्यायालयाने म्हटलं की, फाशी कायम होऊन फेरविचारही संपलेला असला, तरी मनोजमधली पद्धत पाळली गेली नसेल तर शिक्षेचा प्रश्न पुन्हा उघडता येतो. म्हणजे जुने निकालही आता दुसऱ्या अर्ध्याच्या तपासणीतून जाऊ शकतात.

मी आता फाशीची शक्यता असलेला खटला घेतला की आरोपपत्र वाचण्याआधी घरच्यांना भेटतो. शाळा सोडल्याचा दाखला मागतो, दवाखान्याचे जुने कागद मागतो, कामावरच्या मुकादमाचा पत्ता घेतो. पहिल्या भेटीत घरचे काही सांगत नाहीत. त्यांना वाटतं, मुलगा वेडसर होता, बाप मारायचा, असं सांगितलं तर वाईट दिसेल. तिसऱ्या-चौथ्या भेटीला कुणीतरी एक पेटी पुढे ओढतं आणि खालचे कागद काढायला लागतं.